एक खोली भाड्याने देणे आहे

‘कोथरूडमध्ये प्रशस्त थ्री बीएचके फ्लॅटमधली हवेशीर खोली. भाडं फक्त 10,000. मेट्रो 5 मिनिटांवर. फ्रेंडली फ्लॅटमेट्स, कसलीही बंधनं नाहीत. नो ब्रोकर.’ पुण्यात नोकरीशिक्षणासाठी आलेल्या कुणाच्याही व्हॉट्सअॅपवर आठवड्याला अशी एखादी जाहिरात येऊन पडतेच. तिच्यात धडधडीत खोटं असं काही नसतं. तरी ती वाचून आलेला माणूस दोन महिन्यांत गाशा गुंडाळतो आणि तीच जाहिरात पुन्हा फिरायला लागते.

याचं कारण बहुतेक वेळा ती लिहिणाऱ्यात सापडतं. जाहिरात लिहितो तो खोली सोडून जाणारा. त्याला महिनाअखेरीच्या आत आपलं डिपॉझिट मोकळं करायचं असतं, त्यामुळे कुणीही ‘हो’ म्हणणारा त्याला चालतो. नव्या माणसाबरोबर राहायचं असतं मागे उरलेल्या दोघांना, आणि खोली रिकामी पडली तर तिचं भाडंही त्यांच्याच खिशातून जातं. म्हणून जाहिरात राहणाऱ्यांनी लिहावी. तिचा हेतूही उलटा ठेवावा. जास्तीत जास्त फोन यावेत यासाठी ती लिहायची नाही, तर ज्यांचं जमणार नाही त्यांनी फोनच करू नये यासाठी लिहायची. पुणेरी पाट्यांना कितीही नावं ठेवली तरी हे तत्त्व त्यांना पक्कं ठाऊक आहे.

पैशापासून सुरुवात करू. उदाहरणाला, फ्लॅटचं भाडं मेंटेनन्स धरून 36,000 आहे आणि खोल्या सारख्या नाहीत. अटॅच्ड बाथरूमवाली 14,000 ची, मधली 12,000 ची आणि जाहिरातीतली, ड्राय बाल्कनीला लागून असलेली छोटी, 10,000 ची. पण 10,000 हा महिन्याचा खर्च नव्हे. भांडी आणि केर-लादीच्या मावशी 2,400, एक वेळच्या स्वयंपाकाच्या मावशी 4,500, वायफाय 750, गॅस साधारण 900 आणि वीज 1,800 धरली, तर बेरीज 10,350 होते. तिसरा वाटा 3,450. म्हणजे किराणा सोडून महिना 13,450. जाहिरातीत हाच आकडा आधी यायला हवा. ‘फक्त’ हा शब्द गाळला तरी चालतो.

विजेचा वाटा मात्र असा सरळ तीनने भागून चालत नाही. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात. 100, 300 आणि 500 युनिटला टप्पा बदलतो. तिघांच्या एरवीच्या वापराला महिन्याला 180 युनिट लागत असतील आणि मास्टर बेडरूममध्ये उन्हाळाभर रात्री एसी चालत असेल, तर रोजची आठेक युनिट धरली तरी महिन्याला 240 ची भर पडते. बिल 420 वर जातं, आणि त्यातली 300 च्या पुढची 120 युनिट वरच्या, महागड्या दराने लागतात. छोट्या खोलीत पंख्याखाली झोपणाऱ्याने त्याचा तिसरा वाटा का भरावा? एसीला वेगळा सबमीटर आहे का, नसेल तर वाढीव बिल कोण भरतं, हे एका ओळीत लिहिता येतं. ते लिहिलं नाही, तर मे महिन्यात बिल हातात पडल्यावर त्यावरून वाजतंच.

डिपॉझिटची गोष्ट त्याहून नाजूक. मालकाकडे 90,000 जमा आहेत, प्रत्येकाचे 30,000. नवा माणूस आपले 30,000 मालकाला न देता सहसा जाणाऱ्याच्या खात्यात टाकतो. सोयीचं आहे, पण भिंतीवरचे डाग, निखळलेला नळ, तडा गेलेलं बेसिन या सगळ्याची जबाबदारीही तो नकळत विकत घेतो. फ्लॅट सोडताना मालक रंगाचे पैसे कापतो ते तेव्हा राहत असलेल्यांकडून. दोन वर्षांपूर्वी खिळे ठोकून गेलेल्याकडून नाही. तेव्हा जाहिरातीत डिपॉझिट कुणाला द्यायचं ते लिहावं आणि खोलीचे आजच्या स्थितीतले फोटो टाकावेत, ओल आलेल्या कोपऱ्यासकट. वाइड अँगलने काढलेल्या फोटोत आठ बाय दहाची खोली हॉलसारखी दिसते. त्याऐवजी मापं दिलेली बरी.

यातच कराराचा प्रश्न येतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. मधेच आलेल्या चौथ्या माणसाचं नाव त्या करारात नसतं. मालकाच्या लेखी संमतीशिवाय परस्पर माणूस बदलायचा नाही अशी अटही बहुतेक करारांत असते. नाव नसेल तर पत्त्याचा पुरावा मिळत नाही आणि सोसायटीचा सेक्रेटरी फाटकावर अडवतो. ‘मालकांना कळवलं आहे, नवीन करार होईल, त्याचा खर्च निम्मा निम्मा’ एवढं लिहिता आलं पाहिजे. मालकाला अजून काहीच माहीत नसेल, तर जाहिरात टाकायची वेळ आलेली नाही.

फ्लॅटमेट्सबद्दल ‘फ्रेंडली’ लिहून काहीच कळत नाही, घड्याळ लिहावं. एकजण अमेरिकन शिफ्टमध्ये आहे, रात्री तीनला कॅबने येतो आणि दुपारी बारापर्यंत झोपतो. दुसरा एमपीएससी करतो, पहाटे पाचला उठून हॉलमध्ये अभ्यासाला बसतो. घरात गिटार आणि पार्टी जमणार नाही हे वेगळं सांगायची गरज उरत नाही. नावं, कंपन्या आणि फ्लॅटचा नंबर मात्र लिहू नये. मुलींच्या फ्लॅटच्या बाबतीत तर नक्कीच नाही.

नियमही तसेच, ते कुणी घातले आहेत त्यासकट लिहावेत. स्वयंपाकघरात मांसाहार शिजवायचा नाही ही मालकाची अट असेल तर तसं म्हणावं, आणि बाहेरून आणलेलं चालतं का तेही. पाहुणा राहू शकतो का, किती दिवस, याचं उत्तर ‘बघू’ नसावं. आडनाव विचारून माणूस पारखणारेही आहेत. तो नियम नव्हे, निव्वळ भेदभाव आहे.

राहिली मेट्रो. वनाझ स्टेशन 5 मिनिटांवर आहे ते स्कूटरने, चालत वीस. वनाझ–रामवाडी मार्ग डेक्कन, पुणे स्टेशन, येरवडा, कल्याणीनगरला जाणाऱ्याला सोन्यासारखा. जिल्हा न्यायालय स्थानकात गाडी बदलून पिंपरीकडेही जाता येतं. पण हिंजवडीला नोकरी असणाऱ्याला तो मार्ग उपयोगाचा नाही. त्याला चांदणी चौकातून हायवेने वाकडपर्यंत जावं लागतं. रविवारी सकाळी नकाशावर दिसलेली वेळ जाहिरातीत घालणं ही फसवणूकच. सोमवारी साडेआठला निघून ऑफिसच्या दारात पोचायला लागणारा वेळ मोजून तो लिहावा, आणि जूनपासून त्यात भर पडते हेही.

आता जाहिरात अशी होईल:

‘कोथरूड, वनाझ मेट्रोपासून चालत 20 मिनिटं. तिसरा मजला, लिफ्ट नाही. 8 बाय 10 ची खोली, कॉमन बाथरूम, पावसाळ्यात एका भिंतीला ओल येते. सगळा खर्च धरून महिना साधारण 13,450, किराणा वेगळा. एसीची वीज वापरणारा भरतो. डिपॉझिट 30,000 जाणाऱ्याला. मालकांना कळवलं आहे, नवीन करार होईल, खर्च निम्मा निम्मा. घरात दोघं: एक रात्रपाळीचा, एक पहाटे अभ्यास करणारा. घरात मांसाहार शिजवत नाही (मालकांची अट), आणून खाल्लेलं चालतं. पाहुणा सलग दोन रात्री. टू-व्हीलर पार्किंग आहे, कारचं नाही. रोज हिंजवडीला जाणाऱ्यांनी नीट विचार करावा. खोली बघायला संध्याकाळी सातनंतर यावं, तेव्हा आम्ही दोघंही भेटू.’

यावर फोन कमी येतील. आलेल्याला संध्याकाळी बोलवायचं ते मुद्दाम. त्या वेळी नळाला पाण्याचा जोर किती, खालच्या रस्त्यावरचा आवाज किती आणि पार्किंगला जागा उरते का, हे त्याला न विचारता दिसतं.