टोस्ट भाजायचा नाही, वाळवायचा!

आठवडी बाजारातून आणलेला टोस्ट दोन दिवसांत मऊ पडतो, पावसाळ्यात त्याला बुरशी येते. गावात बेकरी चालवणाऱ्या किंवा बचत गटातून टोस्ट करणाऱ्या मंडळींनो, दोष बहुतेक वेळा पिठाचा नसतो, दुसऱ्या भाजणीतल्या घाईचा असतो.

पहिल्या भाजणीत पाव शिजतो, पण त्याच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा पाणीच असतं. दुसऱ्या भाजणीचं काम एवढंच, की हे पाणी हळूहळू बाहेर काढायचं. आच जास्त ठेवली तर वरचा भाग लाल होतो आणि ओल आतच अडकते. दिसायला माल तयार, पण मधे कच्चा!

पाव भट्टीतून काढला की रात्रभर निवू द्या. गरम पाव सुरीखाली दबतो, चुरा पडतो. सकाळी अर्धा इंच जाडीचे सारखे काप करा. काप जाड-बारीक झाले तर बारीक करपतात आणि जाड ओले राहतात. पत्र्यावर एकेरी थर लावा आणि १२० ते १३० अंशांवर अर्धा तास ठेवा. मग काप उलटून पुन्हा २५-३० मिनिटं ठेवा. त्यानंतर भट्टी बंद करून काप आतच निवू द्या. लाकडाच्या भट्टीत पावाची खेप काढल्यावर आच उतरू द्या आणि त्याच उरलेल्या उष्णतेवर हे काम करा. केकच्या कापात साखर जास्त, म्हणून तो लवकर करपतो. त्याला आच आणखी कमी आणि वेळ जास्त द्या.

झालं की नाही, हे गरम असताना कळत नाही, कारण गरम टोस्ट थोडा मऊच लागतो. एक काप पूर्ण निववून मधोमध मोडा. कट्‌कन तुटला तर झाला. वाकला किंवा मध्यभागी चिवट लागला तर पत्रा पुन्हा आत घाला.

दुसरी खूण तराजूची. साध्या पावाचे ३ किलो काप वाळून साधारण २ किलो भरतात. पाव गोड किंवा तुपाचा असेल तर घट कमी येते. म्हणून पहिल्या खेपेला मोडून खात्री करा आणि ते वजन वहीत लिहून ठेवा.

हिशेबही इथंच चुकतो बघा. समजा पावाचा खर्च किलोला ६० रुपये आला. ३ किलोचे झाले १८० रुपये, पण विकायला माल २ किलोच. म्हणजे टोस्टचा खर्च किलोला ९० रुपये, शिवाय दुसऱ्या भाजणीचं जळण आणि पिशवी वेगळी. ६० धरून भाव लावला तर विक्री जितकी वाढेल, तितका तोटाही वाढेल.

शेवटचं म्हणजे, कोमट टोस्ट पिशवीत भरू नका. आतली वाफ पिशवीला धरते आणि सगळी मेहनत पुन्हा ओली होते.