फेसबुक निलंबित झाल्यावर गेममधील प्रगतीचे काय होते?

एखाद्याचे फेसबुक खाते निलंबित झाले की त्याच खात्याने उघडणारा गेमही बंद पडतो, आणि वर्षानुवर्षे गाठलेले टप्पे व पैसे मोजून घेतलेली नाणी खात्याबरोबरच बुडाली, असा खेळाडूचा समज होतो. हा समज बहुतेक वेळा चुकीचा असतो. प्रगतीची नोंद गेम चालवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर असते. फेसबुक केवळ ‘ही व्यक्ती तीच आहे’ अशी ग्वाही देते, आणि निलंबनानंतर थांबते ती ही ग्वाही.

‘फेसबुकने लॉगिन करा’ हे बटण दाबल्यावर पासवर्ड गेमकडे जात नाही. फेसबुक गेमला एक टोकन, म्हणजे ठरावीक मुदतीचा सांकेतिक परवाना, आणि त्या वापरकर्त्याचा एक क्रमांक देते. या क्रमांकापुढे गेमचा सर्व्हर त्याची प्रगती लिहून ठेवतो. 2014 पासून हा क्रमांक प्रत्येक ॲपसाठी वेगळा असतो, आणि नवे फेसबुक खाते काढल्यास, नाव व छायाचित्र तेच ठेवले तरी, क्रमांक नवा मिळतो. त्यामुळे नव्या खात्याने लॉगिन केल्यावर गेम पहिल्या टप्प्यापासून सुरू होतो. जुनी नोंद तेव्हाही सर्व्हरवर असू शकते, फक्त तिच्याकडे नेणारा क्रमांक कोणी सादर करत नाही.

समजा, एका खेळाडूचे फेसबुक सोमवारी निलंबित झाले, पण त्याच्या फोनवरील गेम बुधवारीही नेहमीसारखा उघडतो. यात विसंगती नाही. अनेक गेम पहिल्या लॉगिननंतर स्वतःचे वेगळे टोकन फोनमध्ये ठेवतात आणि फेसबुकला दरवेळी विचारत नाहीत. नेमक्या याच काळात, लॉगिन चालते की नाही हे पाहण्यासाठी, खेळाडू एकदा लॉगआउट करतो, ॲप काढून पुन्हा टाकतो किंवा ॲपचा डेटा पुसतो, आणि हातात असलेला एकमेव प्रवेश घालवून बसतो. गेम उघडा असेपर्यंत त्याने सेटिंग्जमध्ये जाऊन गूगल, ॲपल, ईमेल किंवा गेम कंपनीचे स्वतःचे खाते यांपैकी जे उपलब्ध असेल ते जोडावे आणि प्रोफाइलमधील खेळाडू क्रमांकाचे छायाचित्र घ्यावे. जोडताना ‘या फोनवरील प्रगती ठेवायची की त्या खात्यातील’ असा प्रश्न आल्यास टप्पा वाचूनच उत्तर द्यावे, कारण चुकीचा पर्याय निवडल्यास रिकाम्या खात्याची नोंद जुन्या नोंदीवर लिहिली जाऊ शकते.

प्रवेश आधीच गेला असेल, तर गेमच्या मदत विभागाकडे अर्ज करावा लागतो. तेथे जुना खेळाडू क्रमांक, खेळातील नाव, अंदाजे टप्पा, शेवटचा खेळल्याचा दिवस व फोनचे मॉडेल विचारले जाऊ शकते. परंतु सर्वांत वजनदार पुरावा खरेदीचा. अँड्रॉइडवरील खरेदीची पावती प्ले स्टोअरशी जोडलेल्या गूगल खात्याच्या ईमेलवर येते, फेसबुकशी तिचा संबंध नसतो, म्हणून ती निलंबनानंतरही मिळते. तिच्यावरील GPA ने सुरू होणारा ऑर्डर क्रमांक द्यावा. यूपीआयचा व्यवहार क्रमांक वेगळा असतो आणि अनेक जण चुकून तोच पाठवतात. चढलेल्या पातळीची खाती विकली जातात व दुसऱ्याची खाती बळकावलीही जातात, त्यामुळे मदत विभागाचा संशयी सूर अनाठायी म्हणता येत नाही. काही कंपन्या पुरावा देऊनही खाते हलवत नाहीत, आणि कोणत्याही खात्याला न जोडलेली, केवळ फोनवर राहणारी ‘पाहुणा’ स्वरूपाची नोंद ॲप काढल्यावर सहसा परत मिळत नाही.

फेसबुकने लॉगिन केलेल्या खरेदीच्या ॲपची अडचण गेमच्या तुलनेने सौम्य असते. लॉगिनच्या वेळी फेसबुकने ईमेल पत्ता दिला असेल, तर ‘पासवर्ड विसरलात?’ हा पर्याय वापरून त्याच पत्त्यावर नवा पासवर्ड ठरवता येतो आणि जुन्या ऑर्डरी पुन्हा दिसतात. मात्र घाईने मोबाइल क्रमांक टाकून नवे खाते उघडल्यास तो क्रमांक तिकडेच अडकतो आणि जुन्या खात्याला जोडता येत नाही.

मूळ निलंबनाविरुद्ध फेसबुककडे दाद मागण्याची मुदत 180 दिवसांची आहे; ती उलटल्यास खाते कायमचे बंद होते. भारतातील वापरकर्त्याला कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडेही जाता येते, आणि त्याचा निर्णय अमान्य असल्यास तो मिळाल्यापासून 30 दिवसांत 2023 मध्ये स्थापन झालेल्या तक्रार अपील समितीकडे gac.gov.in या संकेतस्थळावरून अपील करता येते.