सिलिकॉनचा बँड आलेख कसा वाचायचा?

संगणकाने काढलेल्या बँड आलेखात उभ्या अक्षावर इलेक्ट्रॉनची ऊर्जा असते, तर आडव्या अक्षावर L, Γ, X अशी अक्षरे. ही स्फटिकातली ठिकाणे नव्हेत. इलेक्ट्रॉनच्या तरंगाची दिशा आणि तरंगसंख्या सांगणारे ते सममितीचे बिंदू आहेत.

सिलिकॉनच्या आलेखात आधी भरलेल्या पट्ट्यांचा सर्वांत उंच बिंदू शोधा. तो Γ वर सापडतो. रिकाम्या पट्ट्यांचा तळ मात्र Γ कडून X कडे जाताना सुमारे ८५ टक्के अंतरावर आहे. दोन्ही एका उभ्या रेषेत नाहीत, म्हणून हा गॅप अप्रत्यक्ष. प्रकाशकणाचा संवेग नगण्य असल्याने ही आडवी दरी ओलांडायला स्फटिकाच्या कंपनांची मदत लागते. त्यामुळेच सिलिकॉन प्रकाश देण्यात कमजोर ठरतो.

आता तळाचा आकार पाहा. दरी जितकी अरुंद, तितका इलेक्ट्रॉन हलका. जितकी पसरट, तितका जड. Γ–X रेषेवर त्याचे प्रभावी वस्तुमान मुक्त इलेक्ट्रॉनच्या ०.९८ पट भरते. इथेच फसगत होते, कारण त्या रेषेला काटकोनात ते फक्त ०.१९ पट आहे आणि ती दिशा नेहमीच्या आलेखात नसतेच. त्यासाठी तळापासून काटकोनात छोटी रेषा घेऊन, जवळजवळचे बिंदू ठेवून वेगळी गणना करावी लागते.

गॅपच्या आकड्यावर मात्र विसंबू नका. प्रचलित PBE पद्धत सुमारे ०.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट दाखवते. प्रत्यक्षात तो सुमारे १.१ आहे.