मित्राची बहीण आवडली तर

मित्राच्या बहिणीशी आपली ओळख होते ती बहुतेक वेळा त्याच्याच घरी. तिथे काकू आग्रहानं पोळी वाढतात, काका क्रिकेटवर बोलत बसतात, आतल्या खोलीत जायला कोणी अडवत नाही. हा मुलगा घरचाच आहे, असं सगळ्यांनी धरून चाललेलं असतं. आणि मग एखाद्या वर्षी, शिक्षण किंवा नोकरीसाठी बाहेर गेलेली त्या घरातली मुलगी परत येते आणि आवडायला लागते. यात गैर काहीच नाही. ओळखीपाळखीतून जोड्या जमणं ही फार जुनी रीत आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ मायकेल रोझेनफेल्ड यांनी अमेरिकेतल्या जोडप्यांची पाहणी केली, तेव्हा १९९५ साली भेटलेल्या जोडप्यांपैकी सुमारे ३३ टक्के मित्रांमार्फत भेटलेली होती. डेटिंगची ॲप सर्रास झाल्यानंतर, २०१७ सालीही हे प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास होतं.

अनोळखी माणसानं लगट केली तर मुलगी उठून जाऊ शकते, नंबर ब्लॉक करू शकते. भावाच्या मित्राच्या बाबतीत तिला ही सोय नसते. तो दिवाळीच्या फराळाला येणार, भावाच्या वाढदिवसाला येणार, उद्या भावाच्या लग्नात मांडवातही असणार. त्याला तोडून बोलायचं तर घरात प्रश्न विचारले जाणार. म्हणून आवडलेल्या मुलीशी बोलताना प्रत्येक वेळी एक गोष्ट तपासावी लागते: माझ्या बोलण्याला नकार द्यायचा असेल, तर तो तिला काहीही न बिघडवता देता येईल का? ती सज्ञान असली पाहिजे, हे तर त्याच्याही आधीचं.

एक उदाहरण घेऊ. समजा, निखिल आणि समीर पुण्यात इंजिनिअरिंगपासूनचे मित्र, दोघंही सत्तावीस वर्षांचे. समीरची बहीण गौरी पंचवीसची, बंगळुरूची नोकरी सोडून परत आलेली. गणपतीच्या आधी ढोल-ताशा पथकाचे सराव सुरू होतात आणि तिघंही एकाच पथकात आहेत. निखिल ढोल वाजवतो, गौरी ताशा.

निखिलला वाटतं, गौरीलाही आपण आवडतो. ती हसून बोलते, चहा आणून देते, त्याच्या विनोदांना दाद देते. पण हे सगळं कुठे घडतं, ते त्यानं पाहायला हवं. समीरच्या घरात गौरी यजमान आहे. आलेल्या माणसाशी हसून बोलायचं हे तिच्यावर लहानपणापासून बिंबवलेलं आहे. तिथलं हसू हा पाहुणचार असू शकतो आणि बघणाऱ्याला तो फरक दिसत नाही. मानसशास्त्रज्ञ अँटोनिया ॲबी यांचा १९८२ सालचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. एक पुरुष आणि एक स्त्री थोडा वेळ गप्पा मारत, आणि दुसरे एक पुरुष आणि स्त्री त्या लपून पाहत. बोलणाऱ्या स्त्रीच्या साध्या मोकळेपणात पुरुषांना आकर्षण अधिक दिसलं, स्त्रियांना कमी. त्यामुळे समीरच्या दिवाणखान्यातला कुठलाही पुरावा निखिलनं धरू नये. जिथे गौरीला उठून जायची मुभा आहे, तिथे ती काय करते ते पाहावं. पथकाचा सराव ही तशी जागा आहे. सुट्टी झाली की वीस-पंचवीस जण वडापावच्या गाडीभोवती पांगतात आणि कोणाशेजारी उभं राहायचं हे ज्याचं त्याला ठरवता येतं.

तिथे निखिल म्हणतो, ‘‘तू ताशा गळ्यात अडकवलास की आमचे ढोल मुकाट लयीत येतात. ही दहशत कुठे शिकवतात?’’ यात चेष्टा आहे, कौतुक आहे, आणि दोन्हीचा विषय आहे तिनं कमावलेली गोष्ट. तिच्या दिसण्यावर, कपड्यांवर तो गेलेला नाही. चारचौघांत ऐकू गेलं तरी कोणी माना वळवणार नाही. आणि मुख्य म्हणजे गौरीला हे नुसतं चेष्टा म्हणून घेऊन पुढे जाता येतं. ती ‘‘काहीही हं’’ म्हणाली आणि मैत्रिणीकडे वळली, तर तिनं उत्तर दिलेलं आहे आणि कोणाचंही काही बिघडलेलं नाही. ‘‘मी शिकवते, पण फी जास्त आहे,’’ असं ती म्हणाली, तर चेंडू परत आला.

आता निखिलनं थांबायचं. पुष्कळ मुलं घसरतात ती इथे. एक चेंडू परत आला की त्याच रात्री इन्स्टाग्रामवर तिच्या जुन्या फोटोंना लाइक, साडेअकराला ‘झोपलीस का?’. उत्साहाच्या भरात तिची पाळी तेच खेळून टाकतात आणि मग तिला खरंच काय हवं होतं ते कधी कळतच नाही. निखिल थांबला, आणि पुढच्या सरावाला गौरीनं आपणहून विचारलं, ‘‘काय, फी आणलीस का?’’, तर त्याला काही तरी कळलं. तिनं गोष्ट लक्षात ठेवली आणि पुढे नेली. विनोदाला हसण्यापेक्षा या आपणहून पुढे नेण्याला मी कितीतरी जास्त महत्त्व देईन. उलट, प्रत्येक बोलण्यात ती दादाला आणत असेल, मेसेजला दुसऱ्या दिवशी नुसता अंगठा येत असेल, तर तिनं सभ्यपणे दार लावलेलं आहे.

असे दोन-तीन चेंडू इकडून तिकडे झाल्यावर निखिलनं सरळ विचारावं. ‘‘शनिवारी बालगंधर्वला नाटकाला जायचं म्हणतोय. तू येशील? दोघंच. नाही जमलं तरी सरावाला आपण भेटतोच.’’ ‘दोघंच’ हा शब्द महत्त्वाचा, कारण त्यामुळे हेतू झाकलेला राहत नाही. शेवटचं वाक्यही तितकंच महत्त्वाचं. कॉर्नेल विद्यापीठातल्या व्हनेसा बोन्स आणि लॉरेन डिव्हिन्सेंट यांच्या अभ्यासात असं दिसलं, की नकार देताना समोरच्याला किती अवघडल्यासारखं होतं, याचा विचारणाऱ्याला नीट अंदाज येत नाही. तो ते कमीच धरतो. नातं आधीपासूनचं असेल तर त्या अवघडलेपणात आणखी भर पडणारच. आपल्याकडे तर तोंडावर ‘नाही’ म्हणायची सवयच नसते. ‘‘बघते’’, ‘‘कळवते’’, ‘‘या आठवड्यात जरा गडबड आहे’’, ‘‘दादालाही घेऊ या ना’’ ही सगळी उत्तरं आहेत. तिनं दुसरा दिवस सुचवला तर गोष्ट वेगळी. नाहीतर निखिलनं पुन्हा विचारू नये.

नकारानंतरचे दोन-तीन आठवडे सर्वांत अवघड. गौरी बघत असते, की हा आता रुसतो का, सरावाला यायचा बंद होतो का, समीरला काही बोलतो का. निखिलनं ‘‘काय गं, आज लवकर?’’ एवढं पूर्वीसारखं विचारावं, फीचा विनोद कायमचा सोडून द्यावा आणि झालेलं कोणालाही सांगू नये. स्पष्ट नकारानंतरही पुन्हा पुन्हा गाठत राहणं हा पाठलागाचा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली पहिल्या खेपेलाच तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते आणि भावाची मैत्री हा त्यावर बचाव नाही.

आता समीर. ‘आधी भावाला विचारायला हवं’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात आणि त्यांचा हेतू चांगला असतो. पण गौरीच्या आधी समीरची परवानगी घेणं म्हणजे तिच्याविषयीचा निर्णय तिच्या गैरहजेरीत दोन पुरुषांनी करणं. तिला निखिल आवडत नसेल, तर भावानं होकार देऊन टाकलेला आहे हे ओझंही तिच्यावर पडतं. दुसरं टोकही वाईट. सहा महिने लपवायचं आणि समीरला ते पथकातल्या तिसऱ्याकडून कळायचं. तेव्हा समीरला बहिणीच्या प्रेमाइतकाच राग येतो तो त्या सहा महिन्यांतल्या रोजच्या चहाचा, ज्यात मित्र समोर बसून गप्प होता.

योग्य वेळ या दोन्हींच्या मध्ये आहे. गौरीचा कल स्पष्ट झाला, एक-दोनदा दोघं भेटले, पुन्हा भेटावंसं दोघांनाही वाटतंय, की सांगावं. कोणी सांगायचं हे गौरीनं ठरवावं, कारण समीर काय बोलेल, आईपर्यंत गोष्ट कशी जाईल, हे तिलाच माहीत आहे. तिनं निखिलला सांगितलं तर त्यानं प्रत्यक्ष भेटून म्हणावं, ‘‘समीर, गौरी आणि मी भेटतोय. तिच्याशी बोलूनच तुला सांगतोय. दुसऱ्या कोणाकडून तुला कळू नये असं वाटलं.’’ समीर चिडेल, आठवडाभर फोन घेणार नाही. तो त्याला घेऊ द्यावा. समीरला काही गोष्टी मागायचा हक्क आहे: माझ्या घरात हे नको, तुमची भांडणं माझ्याकडे आणू नका, तिची माझ्याकडे चौकशी करू नकोस. त्या निखिलनं तंतोतंत पाळाव्यात. ‘तिला भेटायचंच नाही’ हे मात्र समीरनं मागण्यासारखं नाही. गौरीनं कोणाला भेटावं हे तिचं आहे.

आवडणारी मुलगी मित्राची बहीण नसून जवळची मैत्रीण असेल, तर घराचा प्रश्न नसतो, पण मधल्या माणसाची कोंडी जास्त असते. ती मैत्रीण आपलं मन त्याच्यापाशीच मोकळं करते. तिला काय आवडतं, तिचा आधीचा मित्र कोण होता, हे त्याच्याकडून काढून घेतलं, तर त्याला एका मैत्रीसाठी दुसरी फोडायला लावल्यासारखं होतं. ती सध्या कोणाबरोबर आहे का, एवढा एकच प्रश्न विचारावा. बाकीचं तिलाच विचारावं. मुलीला मैत्रिणीचा भाऊ आवडला तरी हीच पथ्यं लागू पडतात. त्या मैत्रिणीला भीती वेगळी असते: ही माझ्यासाठी येते की त्याच्यासाठी? म्हणून त्या दिवसांत मैत्रिणीसाठी वेगळा, भावाचा विषयही न निघणारा वेळ मुद्दाम काढावा.

एका गोष्टीवर मात्र निखिलनं पहिल्या दिवसापासून कडक राहावं, ती म्हणजे पथकातलं चिडवणं. आपल्याकडच्या ग्रुपमध्ये कोणाचा तरी डोळा कुठे आहे हे उमगलं, की ‘वहिनी आल्या’ सुरू होतं. ताशाच्या रांगेकडे बघून खोकतात, दोघांना मुद्दाम शेजारी उभं करतात. निखिलला आतून गुदगुल्या होतात आणि तो लटकं रागावतो. पण गौरीनं अजून काहीच ठरवलेलं नसताना पंधरा जणांनी तिचं ठरवून टाकलेलं असतं. आता ती फीची आठवण करून देणार नाही, कारण तिचं साधं वाक्यही पुरावा होईल. नको असेल तर तिला पंधरा जणांसमोर नको म्हणावं लागेल, आणि समीरला हे कळायचं ठिकाण तेच असेल. खरं तर एवढ्यावरून पथक सोडून देणारी मुलगी सोडते ती निखिलमुळे नाही, या पंधरा जणांमुळे. म्हणून पहिला ‘वहिनी’ ऐकू आला, की निखिलनं त्या मुलाला बाजूला घेऊन, हसू न आणता सांगावं, ‘‘हे परत नको. तसं काही नाहीये, आणि तिच्याबद्दल असं बोललेलं मला चालणार नाही.’’ हे गौरीच्या कानावर घालायची गरज नाही. चिडवणं थांबलेलं तिला दिसेलच.