पडताळा कोणत्या ओळीत घ्यायचा?

√(x + 7) = x − 5 हे समीकरण कागदावर सोडवायला घेऊ. वर्गमूळ घालवायला दोन्ही बाजूंचा वर्ग केला, की x + 7 = x² − 10x + 25 मिळते. सगळी पदे एका बाजूला आणली, की उरते x² − 11x + 18 = 0.

आता विवेचक काढू. b² − 4ac म्हणजे 121 − 72 = 49. तो धन आहे, म्हणजे दोन वेगळी वास्तव मुळे आहेत. शिवाय 49 हा पूर्ण वर्ग असल्याने अवयव सरळ पडणार. गुणाकार 18 आणि बेरीज −11 येईल अशा संख्या −9 आणि −2. म्हणून (x − 9)(x − 2) = 0, आणि x = 9 किंवा x = 2.

बरेच जण इथेच थांबतात, किंवा 9 आणि 2 या किमती x² − 11x + 18 मध्ये घालून शून्य येते का ते पाहतात. शून्य येतेच. पण त्यातून फक्त अवयव बरोबर पडले एवढेच कळते. पडताळा अगदी पहिल्या ओळीत घ्यायला हवा. तिथे 9 घातले तर डावीकडे √16 = 4, उजवीकडे 9 − 5 = 4. जमले. 2 घातले तर डावीकडे √9 = 3, उजवीकडे 2 − 5 = −3. जमले नाही.

आकडेमोड तर कुठेच चुकलेली नाही. मग 2 आले कुठून? वर्ग करताना चिन्ह पुसले जाते. 3 आणि −3 दोघांचाही वर्ग 9. त्यामुळे √(x + 7) = −(x − 5) या दुसऱ्याच समीकरणाचे उत्तर आपल्या वर्गसमीकरणात शिरले. √ या चिन्हाची किंमत ऋण नसते, म्हणून x − 5 ही ऋण असून चालणार नाही. x निदान 5 हवा, हे आधीच पाहिले असते तर 2 तेव्हाच बाद झाले असते.

पडताळा फसला, की दोन्ही बाजूंच्या किमती नीट पाहाव्यात. समजा, उजवीकडे x नेताना चिन्ह बदलायचे राहिले आणि x² − 9x + 18 = 0 असे लिहिले गेले. विवेचक 81 − 72 = 9, पुन्हा पूर्ण वर्ग. मुळे 6 आणि 3, अगदी सुबक. विवेचकावरून चुकीचा संशयही येत नाही. पण मूळ समीकरणात 6 घातले तर डावीकडे √13, म्हणजे सुमारे 3.6, आणि उजवीकडे 1. इथला फरक नुसत्या चिन्हाचा नाही, आकडाच वेगळा आहे. चिन्हाचाच फरक असेल तर ते मूळ वर्ग करण्यातून आलेले, ते सोडून द्यायचे. आकडाच जुळत नसेल तर पदे कुठे चुकली ते ओळीओळीने शोधायचे.