शिडी अर्ध्यावर का घसरते?
5 मीटरची, 10 किलोची शिडी घ्या. पाय भिंतीपासून 3 मीटरवर, टोक 4 मीटर उंचीवर, भिंत गुळगुळीत. 70 किलोचा माणूस चढू लागला की त्याचं वजन शिडीला पायाभोवती फिरवून खाली पाडू पाहतं आणि भिंतीचा आडवा रेटा तिला थोपवतो. माणूस जितका वर, तितका तो पायापासून आडवा दूर, म्हणून हा रेटाही वाढत जातो: तळाशी जेमतेम 4 किलोभार, टोकाशी 56. तोच रेटा शिडीचा पाय बाहेर ढकलतो, आणि त्याला अडवायला फक्त फरशीचं घर्षण असतं. घर्षणांक 0.4 असेल, तर 80 किलोभारावर ते 32 पर्यंतच पुरतं. त्यामुळे निम्म्याहून थोडं वर जाताच पाय सुटतो. तोच पाय भिंतीपासून 1.2 मीटरवर ठेवला, तर टोकाशीही रेटा 19 च्या आत राहतो.