सांगलीच्या शाखेतला शेवटचा सर्व्हर

प्रत्यक्ष सर्व्हर 'व्हर्च्युअल' करणे म्हणजे त्याच्या डिस्कवर असलेले सगळे, ऑपरेटिंग सिस्टिम, प्रोग्रॅम, फायली आणि सेटिंग, एका मोठ्या फाइलमध्ये जसेच्या तसे उतरवणे आणि ती फाइल दुसऱ्या यंत्रावर अशा प्रकारे चालवणे की आतल्या विंडोजला आपण जुन्याच घरात आहोत असे वाटावे. ज्या यंत्रावर ती चालते त्याला होस्ट म्हणतात. एकाच होस्टवर अशी दहा-वीस यंत्रे शेजारी शेजारी नांदतात. ही कल्पना १९६०च्या दशकातल्या आयबीएमच्या मेनफ्रेमची. साध्या पीसी घराण्याच्या संगणकांवर ती १९९९ नंतर व्हीएमवेअरने रुळवली आणि २००५-०६ पासून इंटेल व एएमडीच्या प्रोसेसरमध्येच तिची सोय आली. त्यानंतर मुख्य कार्यालयांतले सर्व्हर भराभर आटोपले. शाखांमधले मात्र रेंगाळले, आणि त्यांतही शेवटचा एखादा तर वर्षानुवर्षे हलत नाही.

तो का हलत नाही, हे समजण्यासाठी एक प्रातिनिधिक शाखा घेऊ. सांगलीजवळचे खत-सिमेंटचे वितरण गोदाम, मुख्य कार्यालय पुण्यात, दोन्ही ठिकाणे १० मेगाबिटच्या भाड्याच्या लाइनने जोडलेली. कोपऱ्यातल्या खोलीत २०१० साली घेतलेला एक टॉवर सर्व्हर, त्यावर विंडोज सर्व्हर २००८ आर२. या विंडोजला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ जानेवारी २०२० रोजीच संपला. सर्व्हर सांभाळणारे सिस्टम ॲडमिनिस्ट्रेटर महिनाअखेर निवृत्त होणार आहेत. त्यांच्या जागी शाखेत कोणी येणार नाही. पुण्यातला एक तरुण सहकारी सगळ्या शाखा तिथूनच पाहणार आहे. म्हणून सर्व्हर आता गेलाच पाहिजे, असे ठरले.

हा सर्व्हर मागे राहिला होता तो दोन तारांमुळे. एक तार बाहेरच्या वजनकाट्याच्या केबिनमधून येऊन सर्व्हरच्या सीरियल पोर्टमध्ये, म्हणजे COM1 मध्ये, शिरते. ट्रकचे वजन तिच्यातून थेट पावतीच्या प्रोग्रॅममध्ये येते. दुसरे म्हणजे मागच्या यूएसबी पोर्टला लावलेले हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे डोंगल. ते काढले की प्रोग्रॅम उघडायलाच नकार देतो. डिस्कवरची प्रत्येक गोष्ट फाइलमध्ये उतरते, तारा आणि डोंगल उतरत नाहीत. या कामात जे काही बिघडते ते बहुतेक अशाच, डिस्कच्या बाहेर राहिलेल्या गोष्टींमुळे बिघडते. त्या गोष्टींची यादी कुठेही लिहिलेली नसते. ती ॲडमिनिस्ट्रेटरच्या डोक्यात असते, आणि म्हणून त्यांच्या शेवटच्या महिन्याचे खरे काम ती यादी बाहेर काढणे हेच होते.

त्यांना स्वतःलाही सगळे आठवत होते असे नाही. त्यामुळे त्यांनी आठवणीवर भिस्त न ठेवता सर्व्हरलाच विचारले. सर्व्हरवरचे शेअर केलेले फोल्डर कोण कोण वापरते हे या आज्ञेने दिसते:

```
net session
netstat -an
```

पहिली आज्ञा जोडलेल्या संगणकांची यादी देते, दुसरी चालू असलेली प्रत्येक जोडणी दाखवते. महिनाभर दिवसातून तीन-चार वेळा ती यादी वहीत उतरवल्यावर दोन अनोळखी पत्ते निघाले. एक होता हजेरीच्या यंत्राचा. दुसरा वरच्या मजल्यावरच्या स्कॅनरचा होता. तो स्कॅन केलेली बिले सर्व्हरवरच्या एका फोल्डरमध्ये टाकत असे. दोन्हींमध्ये सर्व्हरचे नाव नव्हते, 192.168.20.5 हा आकडी पत्ता घातलेला होता. सर्व्हर पुण्याला गेला की त्याचा पत्ता बदलणार, आणि नावाने शोधणारे संगणक नवा पत्ता विचारून घेतील, आकड्याने शोधणारे गप्प बसतील. अशा ठिकाणी तक्रारही लगेच येत नाही. बिले पोचत नाहीत हे एखाद्या आठवड्याने कळते.

सर्व्हर पुण्याला न्यायचा की शाखेतच छोटा होस्ट बसवायचा, हा प्रश्नही आधी सोडवावा लागतो, आणि इथे पुष्कळ ठिकाणी घाई होते. शाखेतल्या नेटवर्कवर २० मेगाबाइटची एक्सेल फाइल क्षणात उघडते. १० मेगाबिटच्या लाइनवरून तिला किमान १६ सेकंद लागतात. जुन्या पद्धतीच्या हिशेबाच्या प्रोग्रॅमचे हाल याहून वाईट. तो एक नोंद उघडण्यासाठी सर्व्हरकडे लहान लहान हजारो हेलपाटे मारतो. खोलीतल्या खोलीत एक हेलपाटा एक मिलिसेकंदाच्या आत होतो, पुण्यापर्यंत समजा पंधरा मिलिसेकंद लागले, तर दोन हजार हेलपाट्यांना अर्धा मिनिट जातो. म्हणून या शाखेत ठरले ते असे: रोजच्या फायली शाखेतल्या एका लहान स्टोरेज डब्यात राहतील, आणि हिशेबाचा प्रोग्रॅम पुण्याच्या व्हर्च्युअल मशीनवरच चालेल. शाखेतले लोक रिमोट डेस्कटॉपने त्याचा फक्त पडदा पाहतील. त्याचे वेगळे लायसन्स लागते, ते आधीच मागवले गेले. जुन्या यंत्राबरोबर आलेले विंडोजचे लायसन्सही त्या यंत्रापुरतेच असते. फाइल झाली म्हणून ते सोबत जात नाही, ही बाब खर्चाच्या अंदाजात हमखास विसरली जाते.

प्रत्यक्ष उतरवणी शुक्रवारी रात्री आठला, काटा बंद झाल्यावर सुरू झाली. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचेच डिस्क२व्हीएचडी हे छोटे मोफत साधन वापरले. ते चालू सर्व्हरचा त्या क्षणाचा स्थिर ठसा घेते आणि व्हीएचडीएक्स प्रकारच्या फाइलमध्ये लिहिते. ठसा घेतल्यानंतर सर्व्हरवर जे लिहिले जाईल ते फाइलमध्ये येत नाही, म्हणून आधी डेटाबेसची सेवा थांबवली आणि नेटवर्कची तार उपसली. साधनाच्या पडद्यावर सी आणि डी ड्राइव्हबरोबर १०० मेगाबाइटचा एक बिननावाचा भागही दिसतो. तो क्षुल्लक वाटतो, पण विंडोज सुरू करणारी माहिती त्यातच असते. त्यावर खूण करायची राहिली तर सगळी प्रत बरोबर उतरूनही यंत्र उठत नाही.

एकूण मजकूर ३०० गिगाबाइटचा. जुन्या सर्व्हरचे यूएसबी दुसऱ्या पिढीचे, त्यामुळे बाहेरच्या डिस्कवर सेकंदाला जेमतेम ३० मेगाबाइट जात होते. म्हणजे पावणेतीन तास. हीच प्रत लाइनवरून पुण्याला पाठवली असती तर लाइन पूर्ण मोकळी धरूनही पावणेतीन दिवस लागले असते. पहाटे डिस्क गाडीने निघाली आणि दहाच्या सुमारास पुण्यात पोचली. नेटवर्कच्या जमान्यात हा उपाय गावठी वाटतो, पण मोठ्या मजकुरासाठी हिशेब आजही बहुधा गाडीच्याच बाजूने लागतो.

पुण्याच्या होस्टवर हायपर-व्ही होते. जुनी डिस्क बायोस पद्धतीची असल्याने व्हर्च्युअल मशीन पहिल्या पिढीचे, म्हणजे 'जनरेशन १' निवडावे लागते. त्याला दोन प्रोसेसर आणि ८ गिगाबाइट मेमरी दिली. जुन्या यंत्रात आठ कोअर होते, पण महिनाभराच्या मोजणीत त्यांचा वापर कधी फार वर गेलाच नव्हता, आणि गरज नसताना जास्त प्रोसेसर दिल्याने मशीन वेगवान होत नाही. व्हर्च्युअल नेटवर्कची जोडणी मुद्दाम तोडून ठेवली होती. ॲडमिनिस्ट्रेटर सांगलीतून रिमोट पडद्यावर पाहत होते. विंडोजचे चिन्ह उमटले, चार ठिपके एकत्र यायला लागले, आणि पडदा निळा झाला. खाली आकडा होता 0x0000007B.

हा आकडा या कामातला जुना ओळखीचा. त्याचा अर्थ, विंडोज अर्धवट उठली पण स्वतःचीच डिस्क तिला सापडेना. जुन्या सर्व्हरमध्ये डिस्कपर्यंतची वाट रेड कंट्रोलरमधून जात होती. व्हर्च्युअल मशीनमध्ये ती साध्या आयडीई जोडणीतून जाते, आणि तिचा ड्रायव्हर विंडोजमध्ये असूनही सुरुवातीलाच उठवायच्या यादीत नसतो. अशा वेळी बरीच मंडळी प्रत खराब झाली असे समजून सगळी उतरवणी पुन्हा करायला घेतात. त्याची गरज नसते. विंडोजच्या इन्स्टॉलेशन डिस्कने मशीन सुरू करून, दुरुस्तीच्या काळ्या खिडकीत जुन्या रजिस्ट्रीतला एक आकडा बदलला की पुरते:

```
reg load HKLM\OLD D:\Windows\System32\config\SYSTEM
reg add HKLM\OLD\ControlSet001\Services\intelide /v Start /t REG_DWORD /d 0 /f
reg unload HKLM\OLD
```

शून्य म्हणजे 'अगदी पहिल्यांदा उठव'. हा बदल उतरवणीच्या आधीच केला असता तर अर्धा तास वाचला असता. दुसऱ्या खेपेला लॉगिनचा पडदा आला. फोनवर पुण्याचा सहकारी "सर, उठला!" म्हणेपर्यंत इकडे ॲडमिनिस्ट्रेटरांनी पासवर्ड टाकलाही होता. त्यानंतर रेड, पंखे आणि तापमान पाहणारे जुन्या यंत्राचे प्रोग्रॅम काढून टाकले. ज्या भागांवर त्यांना नजर ठेवायची ते भागच आता नाहीत, आणि नसलेले भाग शोधत ते मशीन अडखळवतात.

उरल्या त्या दोन तारा. हायपर-व्हीला होस्टचे यूएसबी पोर्ट आतल्या मशीनला थेट देता येत नाही. म्हणून डोंगल नेटवर्कला जोडणाऱ्या एका डबीत बसवले. त्या डबीचा ड्रायव्हर व्हर्च्युअल मशीनला डोंगल आपल्याच अंगाला लावल्याचा भास देतो. काट्याच्या केबिनमध्येही तशीच डबी लावली, सीरियल तारेचे नेटवर्कमध्ये रूपांतर करणारी. सोमवारी सकाळी पहिला ट्रक काट्यावर चढला तेव्हा प्रोग्रॅममध्ये वजनाच्या जागी विचित्र चिन्हे उमटली. काहीच न दिसणे आणि कचरा दिसणे यांत मोठा फरक आहे. काहीच न दिसल्यास तार किंवा पत्ता चुकलेला असतो. कचरा दिसतो तेव्हा जोडणी नीट असते, फक्त दोन टोकांचा बोलण्याचा वेग किंवा अक्षराची मांडणी जुळलेली नसते. डबी ९६०० वेगाला लावलेली होती, काटा २४०० ने बोलत होता. वहीत तो आकडा होता. तो बदलल्यावर वजन आले.

लाइन तुटली तर पावती थांबणार, ही या मांडणीतली उणीव राहिलीच. शाखेत सर्व्हर होता तेव्हा पुण्याशी संपर्क तुटला तरी काटा चालत असे. आता त्यासाठी मोबाइल नेटवर्कवरची दुसरी जोडणी घेतली आहे आणि केबिनमध्ये हाताने भरायचे पावतीपुस्तक ठेवले आहे. ट्रकवाल्यांच्या दृष्टीने पावतीपुस्तक जास्त भरवशाचे.

जुना सर्व्हर लगेच भंगारात जात नाही. तो बंद करून, नेटवर्कची तार काढून महिनाभर ठेवतात, कारण महिनाअखेरचे हिशेब झाल्याखेरीज काय राहिले ते कळत नाही. तो चुकूनही पुन्हा नेटवर्कवर येता कामा नये. जुन्या पत्त्याला चिकटलेला एखादा संगणक त्यावर नोंदी करू लागला, तर एकाच हिशेबाच्या दोन वेगळ्या प्रती तयार होतात आणि त्या जुळवणे मूळ कामापेक्षा अवघड ठरते. म्हणून वीजतारही काढून कपाटात ठेवली गेली. मुदत संपल्यावर डिस्क पूर्ण पुसायच्या, मालमत्ता नोंदवहीतून यंत्र कमी करायचे आणि ई-कचऱ्याच्या नियमांप्रमाणे ते नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच द्यायचे. ती तारीख निवृत्तीच्या नंतर येत होती, त्यामुळे पुसण्याची आज्ञा, डिस्कचे क्रमांक आणि कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, हे सगळे वहीच्या शेवटच्या पानावर लिहून वही पुण्याला पाठवण्यात आली.